खारवट जमिनीतला पाया : प्रस्तावना

माती-परीक्षणाचा अहवाल हातात आला की मालकापासून आरसीसी कन्सल्टंटपर्यंत सगळे एकच आकडा शोधतात: सुरक्षित धारणक्षमता. मुरूम किती खोलीवर, कठीण खडक कुठे, फुटिंग किती खाली न्यायचे, एवढे कळले की अहवाल मिटतो. त्याच्या शेवटच्या पानांवर एक लहानसा रासायनिक तक्ता असतो. पीएच, सल्फेट, क्लोराईड. त्याकडे कोणी पाहिलेच आणि सल्फेटचा आकडा जरा मोठा दिसला, तर टेंडरमध्ये ‘पायासाठी एसआरसी सिमेंट’ अशी एक ओळ वाढते आणि विषय संपतो. शेजारच्या रकान्यातले क्लोराईड तसेच राहून जाते. एसआरसी म्हणजे सल्फेटरोधक सिमेंट. ते सल्फेटला चांगले तोंड देते, पण क्लोराईडच्या बाबतीत साध्या सिमेंटपेक्षा कमकुवत ठरते. हे दोन रकाने एकत्र वाचायचे कसे आणि त्यावरून सिमेंट व कव्हर ठरवायचे कसे, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

पिंपरीत बसून खाऱ्या जमिनीवर पुस्तक लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो योग्यच आहे. पवना आणि इंद्रायणी यांच्या काठची आपली जमीन म्हणजे बेसाल्ट, त्यावर मुरूम, त्यावर कमीजास्त जाडीची काळी माती. या मातीत चुनखडीचे खडे पुष्कळ सापडतात, पण ते कार्बोनेट. काँक्रीटला त्यांच्यापासून धोका नाही. पिंपरी, मोशी, चाकण इथल्या मूळ जमिनीत सल्फेटचा आकडा बहुधा इतका कमी असतो की साध्या सिमेंटवर काम भागते. अशा ठिकाणी एसआरसीचा आग्रह धरणे म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध घेणे, आणि तेही दुसऱ्या दुखण्याची तयारी कमी करणारे.

मात्र पिंपरी-चाकणचा ठेकेदार आणि अभियंता आता पिंपरी-चाकणपुरता राहिलेला नाही. इथल्या कारखान्यांची गोदामे आणि जोडउद्योग बारामती, लोणंद, जेजुरीकडे गेले, बंदराच्या ओढीने उरण-पनवेलकडे गेले. आणि तिथल्या जमिनी वेगळ्या आहेत.

नीरा खोऱ्याची गोष्ट तर आपल्याच जिल्ह्यातली आहे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. दुष्काळी टापूला बारमाही पाणी मिळाले आणि ऊस आला. काळ्या मातीचा निचरा मंद, त्यात पाणी सढळ हाताने दिलेले. भूजलाची पातळी वर चढत गेली. जमिनीतले क्षार त्या पाण्यात विरघळले, पाणी वातीतल्या तेलासारखे पृष्ठभागापर्यंत चढले, उन्हाने उडून गेले आणि क्षार मागे राहिले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढचा प्रश्न पिकांचा होता. पण पांढऱ्या पडलेल्या त्या शेतांवर पुढे एनए होऊन शेड उभी राहते तेव्हा तेच क्षार आणि तेच चढते पाणी फुटिंगच्या वाट्याला येते. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात क्षारपड जमिनीची हीच कथा आहे. कोकणातल्या खारभूमीत क्षार समुद्राचे आहेत, आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असूनही विहिरीला खारे पाणी देतो.

दुसरे कारण खुद्द पिंपरीतले आहे. आपल्याकडे क्षार निसर्गाने कमी दिले, ते आपण घातले. प्लेटिंग आणि पिकलिंगच्या गाळ्यांत हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ले वापरली जातात. फरशीच्या सांध्यांतून ती वर्षानुवर्षे खाली झिरपली की त्या जागेची माती कुठल्याही खाडीकाठाइतकी आक्रमक होऊ शकते, आणि वर पीएच उतरलेला असतो तो वेगळाच. भरावाचाही भरवसा नाही. जुन्या इमारतींच्या राडारोड्यात पीओपीच्या छतांचे तुकडे असतात. पीओपी म्हणजे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. असा राडारोडा प्लिंथमध्ये दाबला, की मूळ जमिनीचा अहवाल कितीही निर्मळ असला तरी पायाच्या अंगाला सल्फेट लागले.

काँक्रीटवरच्या सल्फेटच्या हल्ल्याचा अभ्यास समुद्रात सुरू झाला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बंदरांची कामे खराब होऊ लागली. १८९० च्या सुमारास कँडलो यांनी दाखवले की सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटची सल्फेटशी गाठ पडली की एक नवा स्फटिक तयार होतो आणि त्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त जागा लागते. त्या स्फटिकाला आज आपण एट्रिंगाइट म्हणतो. जर्मन रसायनज्ञ मिखाएलिस यांनी त्याला सिमेंटचा जंतू असेच नाव दिले होते. पुढे कॅनडाच्या गवताळ प्रदेशात, जिथे जमिनीतच सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटे भरपूर आहेत, काँक्रीट काही वर्षांत मऊ पडू लागले, तेव्हा सस्कॅचवान विद्यापीठात थोरवाल्डसन यांनी दीर्घकाळ काम केले. त्या परंपरेतून ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट, म्हणजे C₃A, कमी असलेले सिमेंट पुढे आले. आपल्याकडे आयएस १२३३० हे त्याचे मानक. त्यात C₃A ५ टक्क्यांच्या वर चालत नाही.

ही झाली रसायनाची शाळा. शत्रूला जे खायला लागते तेच सिमेंटमधून काढून टाका, असे तिचे म्हणणे. दुसरी शाळा म्हणते, सिमेंट कोणतेही असो, सल्फेट आतच जाऊ देऊ नका: पाणी-सिमेंट गुणोत्तर खाली आणा, काँक्रीट घट्ट करा, क्युरिंग नीट करा. अमेरिकेच्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनने सॅक्रामेंटोला सल्फेटयुक्त मातीत काँक्रीटच्या तुळया अर्ध्या पुरून वर्षानुवर्षे ठेवल्या, त्या प्रयोगाने या दुसऱ्या शाळेला मोठे बळ दिले. सिमेंटच्या जातीपेक्षा पाणी-सिमेंट गुणोत्तराने जास्त फरक पडला, आणि नुकसान मातीत गाडलेल्या भागापेक्षा मातीच्या वर, हवेत असलेल्या भागाचे जास्त झाले. तिसरी शाळा सरळ आडोसा करते: बिटुमेनचा लेप, मेंब्रेन, निचरा. ॲडम नेव्हिल यांनी २००४ मध्ये या सगळ्या क्षेत्राचा आढावा घेताना ते गोंधळाने भरलेले आहे असे शीर्षकातच म्हटले होते. मला वाटते, तो गोंधळ बराचसा यामुळे आहे की सल्फेटचा हल्ला ही एक गोष्ट नाही.

गाडलेल्या, कायम ओल्या भागात रसायन चालते: एट्रिंगाइट फुगते, किंवा जिप्सम तयार होऊन पेस्ट मऊ पडते. सल्फेट मॅग्नेशियमचे असेल तर ते सिमेंटच्या मूळ बंधालाच, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटला, पोखरते. तिथे C₃A कमी करूनही पुरे पडत नाही. जमिनीच्या वरच्या वीतभर भागात वेगळेच घडते. केशाकर्षणाने चढलेले पाणी उडते आणि सोडियम सल्फेट छिद्रांत स्फटिक होऊन बसते. हे मीठ सुमारे ३२ अंश सेल्सियसला रूप बदलते: त्याच्या वर ते कोरडे, त्याच्या खाली दहा रेणू पाणी घेऊन तिपटीहून जास्त फुगलेले. पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी पारा त्या रेषेच्या वर आणि रात्री खाली, असे रोज होऊ शकते. प्लिंथजवळच्या कॉलमची कातडी सोलून निघते ती यामुळे. याला एसआरसीचा काहीही उपाय नाही, कारण इथे सिमेंटशी रसायन झालेलेच नसते. इथे घट्ट काँक्रीट आणि पाणी वर चढू न देणारा थर, हेच काम करतात.

क्लोराईडची चाल याहून निराळी. ते काँक्रीटला जवळजवळ काही करत नाही, त्यातून नुसते आत सरकते. सिमेंटच्या अल्कलीमुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा असतो. सळईजवळ पुरेसे क्लोराईड जमले की तो जागोजाग फुटतो आणि गंज खड्ड्यांच्या रूपाने सुरू होतो. स्वीडनच्या टूट्टी यांनी १९८२ मध्ये याची जी दोन टप्प्यांची मांडणी केली, तीच आज सगळीकडे वापरली जाते: आधी क्लोराईड सळईपर्यंत पोचण्याचा काळ, मग गंजून कव्हर फुटेपर्यंतचा काळ. पहिला काळ आपल्या हातात असतो. तो लांबवणे म्हणजेच कव्हर आणि सिमेंटची निवड.

या दोन क्षारांचा संबंध C₃A मध्ये येतो. सिमेंटमधले तेच ॲल्युमिनेट आत आलेल्या क्लोराईडचा काही भाग पकडून ठेवते. त्या संयुगाला फ्रीडेलचे मीठ म्हणतात. पकडलेले क्लोराईड सळईपर्यंत जात नाही. सल्फेटच्या भीतीने C₃A काढून टाकले की क्लोराईड पकडणारा हातही कापला जातो. समुद्राच्या पाण्याचे उदाहरण इथे फार बोलके आहे. त्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. नुसता तो आकडा पाहिला तर सल्फेटरोधक सिमेंट हवे असे वाटावे. प्रत्यक्षात क्लोराईडच्या द्रावणात एट्रिंगाइट फारसे फुगत नाही, आणि सळई मात्र संकटात असते. म्हणून आयएस ४५६ समुद्राच्या पाण्यासाठी स्लॅग किंवा पोझोलाना सिमेंटचा पुरस्कार करते. जमिनीत सल्फेट आणि क्लोराईड एकत्र आढळले तर काय करावे, हेही त्याच मानकात सल्फेटच्या तक्त्याखालच्या टिपेत लिहिलेले आहे: एसआरसीऐवजी ५ ते ८ टक्के C₃A असलेले साधे सिमेंट, किंवा ५० टक्क्यांहून जास्त स्लॅग असलेले स्लॅग सिमेंट. टेंडर लिहिणारे तक्ता वाचतात, टीप वाचत नाहीत.

त्याच टिपांमध्ये आणखी एक अट आहे, जी पिंपरीच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची. तो तक्ता निसर्गतः आलेल्या सल्फेटांसाठी आणि पीएच ६ ते ९ असलेल्या पाण्यासाठी आहे. अमोनियमच्या क्षारांसारख्या प्रदूषणाला तो लागू नाही. आम्ल झिरपलेल्या गाळ्याच्या मातीत ‘वर्ग ३’ शोधत बसणे निरर्थक आहे. तिथे आधी गळती थांबवायची, दूषित माती उचलायची आणि मग आडोशाचा विचार करायचा.

वर्ग ठरवणे कसे चालते ते एका नमुन्यावरून पाहू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या एका कामाचे नाहीत. समजा, नीरा कालव्याखालच्या उसाच्या जमिनीवर गोदाम बांधायचे आहे. दीड मीटरवर पाणी लागते. प्रयोगशाळेने कळवले: मातीतले एकूण सल्फेट SO₃ च्या हिशेबात ०.७ टक्के, दोन भाग पाणी आणि एक भाग माती अशा अर्कात लिटरला १.२ ग्रॅम SO₃, भूजलात सल्फेट १४०० मिलिग्रॅम, क्लोराईड १४०० मिलिग्रॅम, पीएच ७.९.

पहिला सापळा एककाचा. पाण्याचे सल्फेट प्रयोगशाळा बहुधा SO₄ म्हणून देते, मानकाचा तक्ता SO₃ मागतो. १४०० ला ०.८३३ ने गुणले की सुमारे ११७० मिलिग्रॅम, म्हणजे १.१७ ग्रॅम येते. मानकात भूजलासाठी वर्ग २ आणि ३ यांची सीमा १.२ ग्रॅमवर आहे. गुणाकार विसरला तर जागा वर्ग ३ मध्ये गेली, केला तर वर्ग २ मध्ये राहिली.

दुसरा सापळा मातीच्या एकूण आकड्यात. ०.७ टक्के म्हणजे वर्ग ३, पण अर्काचा १.२ ग्रॅम म्हणजे वर्ग २. हा विरोध का? कारण जिप्सम पाण्यात फार विरघळत नाही. कितीही जिप्सम असले तरी पाण्यात SO₃ साधारण लिटरला १.२ ग्रॅमपर्यंतच चढते. मानकातली १.२ ची सीमा तिथेच आहे, तो योगायोग नव्हे. जमिनीत बरेचसे सल्फेट जिप्समच्या रूपात असेल तर एकूण आकडा घाबरवतो, पण पायाला भिडणारे पाणी तितके तिखट नसते, आणि मानक अशा वेळी अर्कावरून खालचा वर्ग धरायची मुभा देते. अर्काचा किंवा पाण्याचा आकडा १.२ च्या बराच वर असेल तर मात्र नक्की समजावे की सोडियम किंवा मॅग्नेशियमची सल्फेटे हजर आहेत.

इथे मी नवशिक्याला थोडे थांबायला सांगेन. नमुना केव्हा आणि कसा घेतला? बोअर मारताना टँकरचे गोडे पाणी वापरतात. तेच पाणी बाटलीत भरले तर अहवाल टँकरचा होतो. बोअर उपसून, पातळी पुन्हा स्थिर झाल्यावर नमुना घ्यायला हवा. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेले पाणी पातळ झालेले असते, उन्हाळ्याअखेरचे दाट. सीमेवरच्या आकड्यावर मी खालचा वर्ग सहजासहजी धरणार नाही.

आता क्लोराईड. जमीन आक्रमक आहे हे मान्य केले की आयएस ४५६ च्या वर्गवारीत गाडलेले काँक्रीट ‘अति तीव्र’ परिस्थितीत जाते. तिथे प्रबलित काँक्रीटला किमान एम ३५, घनमीटरला ३४० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत आणि ५० मिलिमीटर कव्हर. या कामासाठी मी असे मिश्रण सुचवीन: साधे सिमेंट १८० किलो, दळलेली स्लॅग २०० किलो, पाणी १६० लिटर. स्लॅग निम्म्याहून जास्त, गुणोत्तर ०.४२. गंमत अशी, की वाद घालून जागा वर्ग ३ ची ठरली तरी हे मिश्रण चालते, कारण तिथे मानक स्लॅग सिमेंटला ३५० किलो आणि ०.४५ ची अट घालते. म्हणजे सीमेवरचा वाद मिटेपर्यंत काम थांबवायची गरज राहत नाही. स्लॅगमुळे छिद्रे बारीक होतात, क्लोराईडची चाल कित्येक पटीने मंदावते आणि तिच्यातले ॲल्युमिना क्लोराईड पकडायलाही मदत करते. कोकणातल्या डोलवीसारख्या ठिकाणी पोलादाच्या कारखान्यालगत स्लॅग दळली जाते, त्यामुळे आपल्याकडच्या आरएमसी प्लांटना ती दुर्मिळ नाही.

स्लॅगची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. ताकद हळू येते आणि क्युरिंगमध्ये कसूर केली तर वरचा थर भुसभुशीत राहतो. मिश्र सिमेंटला मानक किमान १० दिवस ओलावा मागते. खाऱ्या जमिनीत मी १४ च्या खाली जाणार नाही. काँक्रीट घट्ट होईपर्यंत खड्ड्यात खारे पाणी चढू नये म्हणून पंप चालू ठेवावा लागतो. आणि जमिनीत मॅग्नेशियम फार असेल तर स्लॅगवर आंधळा भरवसा ठेवू नये. तिथे बाहेरचा आडोसा अपरिहार्य आहे.

क्षार बाहेरून येण्याआधी आपणच ते काँक्रीटमध्ये घालतो, हेही विसरू नये. त्याच जागेवरच्या विहिरीचे १४०० मिलिग्रॅम क्लोराईडचे पाणी मिक्सरमध्ये गेले, तर १६० लिटरमधून घनमीटरला जवळपास पाव किलो क्लोराईड आत जाते. प्रबलित काँक्रीटची एकूण मर्यादा आहे ०.६ किलो, आणि त्यात वाळू, खडी, ॲडमिक्स्चर सगळे धरायचे असते. मिश्रणाच्या पाण्याची स्वतंत्र मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे ती विहीर बादच. पण उन्हाळ्यात टँकर कुठून भरून येतो, हे गेटवर कोण तपासते?

कव्हरच्या बाबतीत हिशेब साधा आहे आणि कठोरही. क्लोराईड सळईपर्यंत पोचायला लागणारा वेळ कव्हरच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५० चे ७५ केले तर वेळ सव्वादोन पट. उलट, ड्रॉइंगवर ५० असून कव्हर ब्लॉक मातीत रुतला, माणसे जाळीवर चालली आणि प्रत्यक्षात ३५ राहिले, तर वेळ निम्म्यावर येतो. सिमेंटची महागडी निवड त्या १५ मिलिमीटरमध्ये वाया जाते. म्हणूनच मानक ठरलेल्या कव्हरपेक्षा कमी जायला मुळीच मुभा देत नाही, १० मिलिमीटर जास्त चालते. फुटिंगखाली नीट समतल पीसीसी नसेल तर खालचे कव्हर ही नुसती कल्पना असते. दगडाच्या चिपा किंवा फरशीचे तुकडे जाळीखाली सारणे ही आपल्याकडची जुनी सवय. तो तुकडा आणि काँक्रीट यांच्यामधली फट म्हणजे क्षारांना सरळ रस्ता. ब्लॉक काँक्रीटचाच हवा आणि फुटिंगच्या काँक्रीटइतका घट्ट हवा.

आपल्या नमुन्यातल्या गोदामाला मी तळाशी आणि बाजूंना ७५ मिलिमीटर कव्हर देईन. त्याहून जास्त देण्यात फायदा घटत जातो, कारण कव्हर वाढले की पृष्ठभागावरची भेग रुंद होते आणि आक्रमक परिस्थितीत मानक ती ०.१ मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगते. कव्हर वाढवून सळया जाड आणि विरळ ठेवल्या तर एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले असे होते. सळया बारीक आणि जवळजवळ ठेवाव्या. फुटिंगच्या माथ्यापासून जमिनीच्या वर एक फुटापर्यंत कॉलमला बिटुमेनचा लेप द्यावा आणि भोवतीचा भराव खणलेल्या खाऱ्या मातीचा न करता स्वच्छ मुरमाचा करावा.

भरावाचा मुद्दा इंग्लंडने महागात शिकून दाखवला. १९९८ मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या एम ५ महामार्गाच्या तीसएक वर्षे जुन्या पुलांचे पाये उघडले तेव्हा काही ठिकाणी काँक्रीटची माती झालेली आढळली. खणलेली चिकणमाती तिथेच परत भरली होती. तिच्यातले पायराइट हवा लागून सल्फेटमध्ये बदलले होते. तिथला थॉमासाइट नावाचा खास प्रकार थंडीत फोफावतो, तो आपल्याला फारसा भेडसावणार नाही. पण भराव म्हणून परत टाकलेली माती मूळ मातीपेक्षा जास्त वाईट असू शकते, हे आपल्यालाही लागू आहे.

नुकसान ओळखण्याबाबत दोन शब्द. सल्फेटने खाल्लेले काँक्रीट कोपऱ्यांपासून सुरू होते, पांढुरके, मऊ, नखाने उकरता येणारे. भेगा जाळीसारख्या पसरतात. क्लोराईडची भेग सळईच्या दिशेने, तिच्या समांतर जाते आणि तपकिरी डाग सोडते. मात्र पाण्याखाली, प्राणवायू कमी असलेल्या भागात गंज काळपट आणि पसरट असतो, कव्हर फुगत नाही, भेग पडत नाही, आणि सळई आतल्या आत बारीक होत जाते. तिथे हाफ-सेलचे यंत्रही फसवते, कारण प्राणवायूच्या अभावाने आकडा फार उणे दिसतो, गंज असो वा नसो. खात्री करायची तर कव्हरमधून एकेक सेंटिमीटर खोलीवर भुकटी काढून क्लोराईड मोजावे. आकडे बाहेरून आत उतरत गेले तर क्षार जमिनीतून आला. सगळीकडे सारखा आला तर तो मिक्सरमधून आला. या एका परीक्षेने किती वाद मिटतात, ते पुढे दिसेल.

आजच हे पुस्तक लिहावेसे वाटण्याचे कारण सिमेंटच्या दुकानात आहे. गेल्या काही दशकांत साध्या सिमेंटची जागा मोठ्या प्रमाणावर फ्लाय ॲश आणि स्लॅगच्या मिश्र सिमेंटांनी घेतली. खाऱ्या जमिनीच्या दृष्टीने हे बरेचसे चांगलेच झाले, पण गोणीवर स्लॅगचा टक्का पाहिल्याशिवाय नुसते ‘पीएससी’ मागवले तर २५ टक्क्यांचेही मिळू शकते, आणि मानकाची टीप ५० च्या वर मागते. जुन्या पिढीतल्या सुपरवायझरला मात्र मिश्र सिमेंट म्हणजे भेसळ वाटते आणि पायासाठी तो मुद्दाम साधे सिमेंट मागवतो. नुसते ‘पीएससी’ मागवणारा आणि हा सुपरवायझर, दोघांनाही हाताशी ठेवता येईल असे मराठीत काही हवे होते.

म्हणून हे पुस्तक साइटवरच्या माणसासाठी आहे. अहवाल वाचण्यापासून सुरुवात करून ते सिमेंट, मिश्रण, कव्हर, भराव आणि दुरुस्ती या क्रमाने जाते. रसायन जिथे निर्णय बदलते तिथेच आणले आहे. भरतीओहोटीतल्या पाइल, प्रीस्ट्रेस्ड काम आणि विद्युत-रासायनिक संरक्षण हे विषय बाजूला ठेवले, कारण त्यांना वेगळ्या माणसांची आणि वेगळ्या पुस्तकाची गरज आहे. इपॉक्सी लावलेल्या सळईबद्दलचे माझे मत थोडे कडवट आहे, ते वाचकाने स्वतः तपासावे. वाकवताना आणि ओढताना सोललेला लेप साइटवर कोणी दुरुस्त करत नाही, आणि सोललेल्या जागीच गंज एकवटतो. शेवटी दिलेले तक्ते पीएच ६ ते ९ च्या पाण्यासाठीच आहेत. आम्ल मुरलेल्या गाळ्यांचे प्रकरण त्यामुळेच त्या तक्त्यांपासून वेगळे काढले आहे, आणि भोसरी-चिंचवडमध्ये काम करणाऱ्याने तेच आधी उघडावे.